आदेश बंद, कोडुगे चालू

करिबसम्मा अक्काचा सगळा जन्म दावणगेऱ्याच्या मंडक्की भट्टीत गेला. मंडक्की म्हणजे आपले चुरमुरे. तापलेल्या वाळूत तांदूळ टाकायचे आणि फुलले की चाळणीने उपसायचे, एवढंच काम. पण क्षणभर उशीर झाला तर सगळा घाणा काळा पडतो. धुराने तिची नजर लवकर अधू झाली, म्हणून ती कानाने काम करायला शिकली. तडतड कुठे चढली आणि कुठे उतरायला लागली, हे तिला भट्टीकडे पाठ करूनही कळायचं. भट्टी सुटली, पण कानाची सवय काही सुटली नाही. कुठेही आवाज झाला की अक्का उठते. आवाज आला म्हणजे काहीतरी करायचं असणार, हे तिच्या अंगात मुरलं आहे.

तिचा नवरा रेवणसिद्धप्पा याच्या उलट. त्याने आयुष्यभर फक्त आवाज केला. त्याची रिक्षा होती, टपावर दोन भोंगे, हातात माईक. साड्यांचा सेल असो, सर्कस असो, नवं हॉटेल असो, रेवणसिद्धप्पा गल्लीगल्लीतून ओरडत जायचा, "अक्का-तंगींनो, आजचा शेवटचा दिवस!" आणि हा शेवटचा दिवस चांगला पंधरवडाभर चालायचा. त्याच भोंग्यावरून तो नगरपालिकेची दवंडीही द्यायचा, अमक्या भागाला उद्या पाणी येणार नाही, तमक्या भागाला आज रात्री येणार. सेलच्या वेळी बायका खिडक्या लावून घ्यायच्या. पाण्याचं सांगायला लागला की हातातलं टाकून दारात यायच्या. माझं शिलाईचं दुकान त्यांच्या घराला लागूनच आहे. लग्न होऊन या गावात आले तेव्हा माझं कन्नड त्या भोंग्यावरच सुरू झालं, असं म्हटलं तरी चालेल.

दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि गिळणंही बिघडलं. गिळण्याचे व्यायाम शिकवणारी एक बाई मोठ्या दवाखान्यात असते. तिने अक्काला बजावून सांगितलं, "अज्जी, साधं पाणी द्यायचं नाही. ते घशातून सरळ छातीत उतरेल. ही पावडर मिसळायची, ताकापेक्षा दाट झालं पाहिजे, मगच चमच्याने पाजायचं." आधी एकदा पाणी छातीत उतरून न्यूमोनिया झालाच होता, म्हणून अक्काने ते डोक्यात पक्कं बसवलं. घट्ट केल्याशिवाय पाण्याचा थेंबही नाही.

ती पावडर गावातल्या औषधांच्या दुकानात मिळत नाही. "मागवून देतो" म्हणतात आणि विसरतात. म्हणून शरणू, त्यांचा मुलगा, मस्कतहून खरेदीच्या ॲपवर मागवतो. तो तिकडे गोदामात काम करतो. अक्काचा नंबर घालून त्याने एकच खातं काढलंय, तेच तिच्या फोनवरही आहे आणि त्याच्याही. डबा तो तिकडून मागवणार, पार्सल आल्याची खबर दोघांना मिळणार, अशी सोय.

सोय चांगली होती, पण ते ॲप बडबडं निघालं. सकाळपासून टिंग, टिंग. अक्का चुलीवरचं टाकून धावायची, चष्मा शोधायची, बघते तर चपलांवर सूट. एकदा ती त्याला भरवत असताना फोन वाजला. तो दचकून वळला आणि तोंडातला घास भलतीकडे गेला. खोकून खोकून त्याचा चेहरा निळा पडला. मी दुकानातून धावत गेले तेव्हा अक्का त्याच्या पाठीवर थापा मारत रडत होती.

त्याच संध्याकाळी तिने शरणूला सांगितलं. तो घाईत होता, नेहमीच असतो.

"अव्वा, ॲप उघड. खाली खातं आहे, त्यात सेटिंग, त्यात सूचना. तिथे ऑफरचं बंद कर. बाकीचं राहू दे. समजलं? बस आली माझी."

अक्का म्हणाली समजलं. पुढे काय झालं ते मला बऱ्याच नंतर कळलं.

त्यानंतर टिंग टिंग कमी झाली, पण थांबली नाही. मी एकदा विचारलंही, "अक्का, अजून वाजतंय की गं?"

"वाजू दे. तेवढं मी ठेवलंय," ती म्हणाली आणि हसली. एरवी ती असं लाजून हसत नाही. भरवताना ती फोन बाहेर कट्ट्यावर नेऊन ठेवायची, आणि भरवून झालं की पदराला हात पुसत पहिली तिकडेच जायची. मला वाटलं, लागला असेल म्हातारीला फोनचा नाद.

उन्हाळा सुरू झाला तसा डबा संपत आला. शरणूने नवा मागवला. "चार-पाच दिवसांत येईल, तुला सूचना येईल," म्हणाला. आठवडा गेला. अक्का रोज मला विचारायची, "तंगी, पार्सलवाला तुझ्याकडे तर देऊन गेला नाही ना?" तंगी म्हणजे धाकटी बहीण, मी तिची तंगी. मी नाही म्हणायचे. ती डब्याला चमचा खरवडून बघायची.

मग तिने काटकसर सुरू केली. पावडर थोडी कमी, पाणी तेवढंच. नाचणीची घट्ट आंबली पाजायची, पण या उन्हात माणूस पाणी मागणारच. तो डाव्या हाताने माठाकडे बोट दाखवायचा. बोलता येत नसलं तरी ते बोट खूप बोलायचं. तिसऱ्या दिवशी खोकला लागला, चौथ्या दिवशी अंग तापलं.

"मीच पातळ पाजलं," अक्का म्हणाली. "माझ्या हातांनी पाजलं गं."

तेवढ्यात शरणूचा फोन आला. व्हिडिओ होता, आणि तो संतापलेला होता.

"अव्वा, काय चाललंय तिथे? मी आता ऑर्डर उघडून बघितली तर पार्सल परत गेलंय! तीन वेळा माणूस येऊन गेला, 'ग्राहक उपलब्ध नाही' असं लिहिलंय. घरातच असतेस ना तू? कुठे जातेस?"

"कोणी आलं नाही रे बाळा."

"मग त्यांनी फोन केला असेल. उचलायला काय होतं?"

फोन आले होते, तिने उचलले नव्हते. आमच्या गल्लीत आता कोणीच अनोळखी नंबर उचलत नाही. मागच्या आळीतल्या निवृत्त मास्तरांना फोनवरच्या खोट्या पोलिसाने दोन दिवस खोलीत बसवून लुबाडलं, तेव्हापासून आम्हा सगळ्यांना घरच्यांनीच तंबी दिलीय. शरणूनेही दिली होती. मी फोन तिच्या हातातून घेतला.

"अरे शहाण्या, अनोळखी नंबर उचलू नकोस असं तूच सांगितलंस ना? आणि खातं एकच आहे, तर पार्सल निघाल्याची सूचना तुलाही यायला हवी होती. तुला का नाही आली?"

"नाही आली, अत्ते. मला वाटलं अजून निघालंच नसेल. कामावर फोन गेटवर जमा करावा लागतो, रात्री बघतो तर पार्सलचं काहीच नसायचं."

"तिकडेही आली नाही आणि इकडेही आली नाही. मग बघते मी. ठेव फोन."

अक्काने फोन माझ्या हाती दिला आणि आतल्या खोलीकडे कान लावून उभी राहिली. आत तो खोकत होता. मी फोनची स्वतःची सेटिंग आधी बघितली. तिथे या ॲपला सूचना द्यायची परवानगी होती, आणि असणारच, वाजत तर होतंच. मग ॲप उघडलं. खातं, सेटिंग, सूचना. अक्काचं ॲप कन्नडात आहे. तीन ओळी होत्या आणि प्रत्येकीपुढे एक बटण.

'आदेश मत्तू वितरणे', म्हणजे आदेश आणि वाटप. बंद.

'कोडुगे'. चालू.

'शिफारसु'. बंद.

माझ्या डोक्यात लख्ख झालं. भाषांतर करणाऱ्या कुणा विद्वानाने ऑर्डरला आदेश केलं होतं. ऑर्डर निघाली, वाटेत आहे, आज दारात येणार, घेताना हा आकडा सांगा, हे सगळं त्या पहिल्या ओळीत होतं आणि तेच नेमकं बंद होतं. शिवाय हे बटण फोनचं नाही, खात्याचं. इथे बंद केलं की मस्कतलाही बंद. म्हणून दोघं वाट बघत बसली.

"अक्का, हे तू बंद केलंस?"

"हो. शरणूनेच सांगितलं होतं, ऑफिसरचं बंद कर म्हणून."

"ऑफिसरचं?"

"आफिसर की आफर, काहीतरी म्हणाला. मी शोधलं, तसा शब्दच नव्हता. मग म्हटलं ऑफिसरचं म्हणजे आदेशच असणार. कलेक्टरचा असेल नाहीतर पोलिसांचा. त्या मास्तरांचं झालं तेव्हापासून मला आदेश म्हटलं की धडकीच भरते. आणि शिफारसु ठेवून काय करू? कुणाची शिफारस? आमदाराची?"

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. शरणूचं ॲप इंग्रजीत, हिचं कन्नडात. त्याला ऑफर दिसत होतं, हिला तो शब्द कुठेच दिसत नव्हता. त्याने बस पकडण्याआधी एवढं बघितलं असतं तर हा ताप आला नसता.

"अगं अक्का, आठव. रेवणसिद्धप्पाअण्णा सेलचं ओरडायचे आणि पाण्याचंही सांगायचे. भोंगा एकच. तू सेलला खिडकी लावायचीस की पाण्याला?"

"सेलला."

"मग इथे तू पाण्याला खिडकी लावलीस आणि सेल चालू ठेवलास. आदेश म्हणजे आपण मागवलेली वस्तू. ती कुठवर आली ते यात सांगतात. कोडुगे म्हणजे ऑफर, ही चपलांची सूट."

असं म्हणत मी आदेशाचं बटण चालू केलं आणि कोडुगेवर बोट नेलं. अक्काने माझा हात धरला.

"ते नको. ते शरणूचं आहे."

"कुठलं?"

"कोडुगे. तो पाठवतो ते."

कोडुगे म्हणजे देणं, भेट. आमच्या बसस्टँडवरच्या बाकांवर लिहिलेलं असतं, अमक्या तमक्यांचं कोडुगे. देवळाच्या फरशीवर देणाऱ्याचं नाव कोरतात तिथेही हाच शब्द. अक्काने तो शब्द वाचला आणि तिला वाटलं, मुलगा जे पाठवतो ते या ओळीतून येतं. तिने वरून पडदा खाली ओढावा तसं बोट ओढून मला दाखवलं. एकही सूचना तिने पुसली नव्हती. सगळ्या एकीखाली एक लागल्या होत्या.

'तुमची खूप आठवण येते. कधी येताय?'

'तुमच्यासाठी काहीतरी खास ठेवलंय.'

'बरेच दिवस झाले, तुम्ही दिसला नाहीत. सगळं ठीक ना?'

अक्का ओळीवर बोट ठेवून एकेक वाचून दाखवत होती. फोनवर त्याला बोलायला वेळ नसतो, म्हणाली, म्हणून तो असं लिहून पाठवतो. सकाळी एक येतं, जेवायच्या वेळी एक, दिवेलागणीला एक. यांना भरवून झालं की मी वाचते.

मला राग आला. कुणावर काढावा तेच कळेना. मी त्या पहिल्या ओळीवर बोट दाबलं. मिक्सर उघडले, ओळीने मिक्सर, प्रत्येकावर लाल अक्षरात सूट. दुसरी उघडली तर कुकर. तिसरी उघडायला माझा हात होईना, तेव्हा अक्कानेच बोट दाबलं. 'सगळं ठीक ना?' मधून गाद्यांचे सेल निघाले.

अक्काने गाद्यांचं ते पान खालपर्यंत ओढून बघितलं.

"मला अगदीच कळत नव्हतं असं नाही गं," ती शेवटी म्हणाली. "तो कधी मला अहो-जाहो करतो का? 'अव्वा, खाल्लंस का' असं विचारतो. हे 'तुम्ही, तुमची' बघून मला खटकायचं. पण म्हटलं, मशीन मोठ्या माणसांना तसंच बोलत असेल."

"राहू दे चालू," मी म्हणाले. खरंच म्हणाले. "आदेशाचं चालू केलंय ना, तेवढ्याने काम होईल. हे राहू दे तुझं."

आतून खोकला आला, लांबलचक, आणि मग श्वास ओढल्याचा आवाज. अक्काने तिकडे बघितलं.

"नको. दोन्ही एकदम वाजायला लागली तर पाणी कुठलं आणि सेल कुठला, मला कसं कळणार? आवाज तर एकच आहे." तिने चष्मा सारखा केला. "कुठे दाबायचं ते दाखव. मीच दाबते."

मी दाखवलं. तिने दाबलं. बटण राखाडी झालं. मग ते नक्की बंद झालं का हे बघायला ती पान मागे घेऊन पुन्हा आत गेली, आणि खात्री झाल्यावर त्या जुन्या सगळ्या ओळी एकेक करून पुसून टाकल्या.

शरणूने त्याच रात्री पुन्हा डबा मागवला. मी त्याला फोनवर झाडलं, तो ऐकून घेत होता. कोडुगेचं मात्र मी त्याला सांगितलं नाही. अक्काने सांगू नकोस म्हटलं होतं.

पुढचे दिवस वाईट गेले. डॉक्टरने इंजेक्शनं सुरू केली आणि म्हणाला, ताप उतरला नाही तर दाखल करावं लागेल. अक्का आंबली शिजवायची, गाळायची, पुन्हा शिजवायची. पाण्याचा माठ तिने त्याच्या नजरेआड नेऊन ठेवला, तरी बोट त्याच कोपऱ्याकडे जायचं. आणि घर शांत. फोन दिवसचे दिवस वाजला नाही. भरवून झाल्यावर ती सवयीने कट्ट्यावर यायची, फोन उचलायची, बघायची आणि ठेवायची. मी दुकानातून बघत असायचे. मशीन चालू असलं तरी माझं अर्धं लक्ष त्या कट्ट्यावर असायचं. मधे एकदा टिंग झाली. पार्सल निघालंय एवढंच होतं, पण अक्काने ते मला दोनदा वाचायला लावलं.

मग एके दिवशी सकाळी पुन्हा वाजलं. 'तुमची ऑर्डर आज पोहोचेल', खाली चार आकडे, घेताना सांगायचे. अक्का माझ्याकडे धावत आली.

"तंगी, आकडे सांगू नका म्हणतात ना? बँकवाले रोज ओरडतात."

"बँकेचे नाही सांगायचे. हे सांगायचे, पण डबा हातात पडल्यावर, आणि दारात उभ्या असलेल्या माणसालाच. फोनवर नाही."

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. अक्काने तो माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "उचल, आज उचलायचाच आहे." पलीकडचा म्हणाला, "अज्जी, भट्टीच्या गल्लीत शिरलोय, घर कुठलं?" अक्का म्हणाली, "उभा राहा तिथेच, मीच येते!" आणि चपला न घालताच उन्हात धावली. डबा हातात घेतला, दोन्ही बाजूंनी फिरवून बघितला, मग आकडे सांगितले, तेही त्याच्या कानाशी तोंड नेऊन.

घरी येताच तिने उभ्याउभ्या पावडर मोजली, पाण्यात टाकली आणि ढवळत राहिली. मी म्हटलं पुरे झालं, तरी ढवळत होती. मग पेला तिरका करून बघितला, ताकापेक्षा दाट. आत गेली, त्याला टेकवून बसवलं आणि पहिला चमचा दिला. तो गिळेपर्यंत आम्ही दोघी श्वास धरून उभ्या होतो. खोकला आला नाही. दुसरा चमचा. तिसरा. त्याचे डोळे मिटले आणि ओठ पुढे आले, अजून दे म्हणून.

फोन वाजला. 'ऑर्डर पोहोचली.' रेवणसिद्धप्पाने डोळे उघडले आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला. मला कळलं नाही. अक्काला कळलं.

"सेल नाही हो," ती त्याच्या गालावरून पदर फिरवत म्हणाली. "पाणी आलंय."

ताप उतरायला आणखी आठवडा लागला, छाती मात्र अजून घरघरते. डॉक्टर म्हणतो, लक्ष ठेवा. अक्का लक्ष ठेवते. पुढचा डबा आता अर्धा व्हायच्या आतच मागवायचा, असं तिने शरणूकडून कबूल करून घेतलंय.

परवा त्याचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते, ब्लाउजची मापं घ्यायला गेले होते. त्याच्यामागे गोदामाचे आवाज येत होते.

"डबा पुरेल ना? ताप नाही ना आता? गोळ्या संपल्या का?" त्याने एकामागून एक विचारलं. अक्का पुरेल, नाही, नाही अशी उत्तरं देत होती.

"आणि ते ॲपचं? नको ते बंद आहे ना आता? काय काय मेसेज येतात?"

"येतात रे," अक्का म्हणाली. "आता फक्त कामाचेच येतात."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.